चहातल्या पांढऱ्या सुया: पदार्थ जाळून त्याचे सूत्र कसे काढतात आणि ते तपासतात कसे?

चहाची पत्ती पाण्यात उकळायची, त्यात थोडा धुण्याचा सोडा घालायचा, गार झालेला काढा डायक्लोरोमिथेनबरोबर हलवायचा आणि खाली बसलेला द्राव वेगळा करून उडवून द्यायचा. मागे हिरवट-पांढरी पूड उरते. ती थोड्या गरम पाण्यात विरघळवून सावकाश थंड होऊ दिली की रेशमासारख्या चमकदार पांढऱ्या सुया दिसू लागतात. रसायनशास्त्राच्या अनेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत हा प्रयोग होतो आणि त्या सुया कॅफिनच्या असतात हे सगळ्यांना आधीच माहीत असते.

पण ते माहीत नसेल तर? हातात फक्त चिमूटभर पांढऱ्या सुया आहेत आणि त्यांचे सूत्र काढायचे आहे. १८३० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न होता. कॉफीतून मिळालेले ‘कॅफिन’ आणि चहातून मिळालेले ‘थेइन’ हे तेव्हा दोन वेगळे पदार्थ समजले जात. ते एकच आहेत हे १८३८ मध्ये स्पष्ट झाले. त्या काळी रेणूचे वजन सांगणारे यंत्र नव्हते. पदार्थ जाळायचा, धूर पकडायचा आणि तोलायचा, एवढाच मार्ग होता. आजही तो मार्ग वापरात आहे. फरक इतकाच, की आता त्याच्या शेजारी उलटतपासणीला मास स्पेक्ट्रोमीटर असतो.

जाळून काय कळते?

कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन असलेला पदार्थ भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला, तर त्यातल्या सगळ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि सगळ्या हायड्रोजनचे पाणी होते. कार्बन डायऑक्साइडमध्ये वजनाने २७.२९ टक्के कार्बन असतो, तर पाण्यात ११.१९ टक्के हायड्रोजन. हे आकडे ठरलेले आहेत. त्यामुळे किती कार्बन डायऑक्साइड आणि किती पाणी निघाले हे मोजता आले, की मूळ पदार्थात कार्बन आणि हायड्रोजन किती होते हे साध्या गुणाकाराने कळते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस लिबिग याने १८३१ मध्ये यासाठी काचेचे पाच फुगे असलेले एक छोटे उपकरण बनवले. फुग्यांत पोटॅशचे द्रावण भरलेले असे. जळणाचे वायू आधी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून जात आणि पाणी तिथे अडकून राही. मग ते फुग्यांतून जात आणि कार्बन डायऑक्साइड पोटॅशमध्ये शोषला जाई. प्रयोगाआधी आणि नंतर दोन्ही उपकरणे तोलली, की काम झाले. पुढे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ प्रेगलने ही पद्धत काही मिलिग्रॅम नमुन्यावर आणून ठेवली. त्याला १९२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

आजच्या यंत्रात तोलण्याची जागा दुसऱ्या मापनाने घेतली असली, तरी कल्पना तीच आहे. दोन-तीन मिलिग्रॅम नमुना कथिलाच्या इवल्याशा डबीत भरतात, डबी चिमट्याने दाबून बंद करतात आणि सूक्ष्म तराजूवर तोलतात. ती साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअस तापलेल्या नळीत पडते आणि त्याच क्षणी ऑक्सिजनचा झोत सोडला जातो. कथिल स्वतःच पेट घेते, त्यामुळे क्षणभर तापमान आणखी कितीतरी वर जाते आणि नमुना मागमूस न ठेवता जळतो. पुढे तापलेले तांबे असते. नायट्रोजनची जी ऑक्साइडे तयार झालेली असतात त्यांतला ऑक्सिजन ते ओढून घेते आणि साधा नायट्रोजन वायू उरतो. उरलेला जादा ऑक्सिजनही तिथेच संपतो. मग हेलियमच्या प्रवाहात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एकमेकांपासून वेगळे होतात आणि प्रत्येकाचे प्रमाण मोजले जाते. यंत्राची पट्टी बरोबर बसवण्यासाठी आधी अॅसिटॅनिलाइडसारखा शुद्ध, ज्ञात पदार्थ जाळून पाहतात.

या यंत्राच्या कागदावर ऑक्सिजन नसतो, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवे. जाळण्यासाठी बाहेरून ऑक्सिजनच घातला जातो, तेव्हा नमुन्यातला कुठला आणि बाहेरचा कुठला हे सांगता येत नाही. म्हणून शंभरातून कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन वजा करायचे आणि उरले ते ऑक्सिजन मानायचे, अशी रीत आहे. ही रीत सोयीची आहे आणि बऱ्याच चुकांचे मूळही तीच आहे.

टक्क्यांवरून सूत्र

आता त्या सुया घेऊ. समजा, गाळणकागदावर हवेत वाळवलेल्या सुयांपैकी बरोबर २.५०० मिलिग्रॅम जाळल्या. त्यातून ४.२३३ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १.२३८ मिलिग्रॅम पाणी आणि ०.६७३ मिलिग्रॅम नायट्रोजन निघाला. कार्बन झाला ४.२३३ चा २७.२९ टक्के, म्हणजे १.१५५ मिलिग्रॅम. हायड्रोजन झाला १.२३८ चा ११.१९ टक्के, म्हणजे ०.१३९ मिलिग्रॅमच्या आसपास. मूळ २.५०० मिलिग्रॅमशी भागून टक्केवारी येते: कार्बन ४६.२१, हायड्रोजन ५.५४, नायट्रोजन २६.९२. उरलेले २१.३३ टक्के ऑक्सिजनच्या नावावर.

टक्के हे वजनाचे असतात, सूत्र मात्र अणूंची संख्या सांगते. एक किलो शेंगदाणे आणि एक किलो नारळ यांत नग सारखे नसतात, तसेच हे. म्हणून प्रत्येक टक्केवारीला त्या मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानाने भागायचे. कार्बनचे ४६.२१ भागिले १२.०११ केले की ३.८४७ येतात, हायड्रोजनचे ५.५४ भागिले १.००८ केले की ५.४९६, नायट्रोजनचे २६.९२ भागिले १४.००७ केले की १.९२२ आणि ऑक्सिजनचे २१.३३ भागिले १५.९९९ केले की १.३३३.

आता सगळ्यांना सर्वांत लहान आकड्याने, म्हणजे १.३३३ ने भागले, की कार्बन २.८९, हायड्रोजन ४.१२, नायट्रोजन १.४४ आणि ऑक्सिजन १ असे गुणोत्तर मिळते. हे पूर्णांक नाहीत. दोनने गुणून पाहिले, तीनने पाहिले, तरी जमत नाही. सातने गुणल्यावर मात्र २०.२, २८.९, १०.१ आणि ७ येतात, आणि C₂₀H₂₉N₁₀O₇ असे सूत्र हाती लागते. अणूंचे हे सर्वांत साधे गुणोत्तर म्हणजेच एम्पिरिकल फॉर्म्युला. इथे त्याला गुणोत्तर-सूत्र म्हणू.

उलट्या दिशेने ताळा केला तर तोही छान जुळतो. या सूत्राच्या पदार्थात कार्बन ४६.०६, हायड्रोजन ५.६१ आणि नायट्रोजन २६.८६ टक्के असायला हवा. प्रयोगातले आकडे यापासून ०.१५ पेक्षा जास्त दूर नाहीत. संशोधनपत्रिका ०.४ पर्यंतचा फरक चालवून घेतात, तेव्हा कागदावर हे सूत्र पास आहे.

तरीही ते चूक आहे.

दुसरा साक्षीदार

त्याच सुयांतला कणभर नमुना मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात विरघळवून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला जातो. हे यंत्र पदार्थ जाळत नाही. ते त्याचा बारीक, विद्युतभारित फवारा करते आणि एकेका रेणूला प्रभार चिकटवून त्याचे वस्तुमान मोजते. या प्रकारच्या फवाऱ्यात रेणूला बहुधा एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून दिसणारा आकडा रेणूच्या वस्तुमानापेक्षा एकने जास्त असतो.

सुयांच्या नमुन्यात सर्वांत उंच शिखर १९५ वर दिसते. शेजारी २१७ वर एक छोटे शिखर असते आणि पुढे ३८९ वर आणखी एक. यांपैकी रेणूचे शिखर कोणते, हे सुट्या आकड्यांकडे बघून कळत नाही, त्यांच्यातले अंतर बघावे लागते. १९५ आणि २१७ मध्ये २२ चा फरक आहे. प्रोटॉनऐवजी सोडियमचा आयन चिकटला की बरोबर एवढाच फरक पडतो, आणि सोडियम काचेच्या भांड्यांतूनही येत असल्याने ही जोडी अगदी ओळखीची आहे. ३८९ म्हणजे १९४ ची दुप्पट अधिक १: दोन रेणू एका प्रोटॉनला धरून उडाले आहेत. तीनही शिखरे एकाच उत्तराकडे बोट दाखवतात, रेणूचे वस्तुमान १९४. एकट्या ३८९ वर विश्वास ठेवला असता तर रेणू दुप्पट मोठा ठरला असता.

C₂₀H₂₉N₁₀O₇ चे वजन मात्र ५२१ च्या घरात जाते. गुणोत्तर-सूत्र हे रेणूचे सर्वांत लहान शक्य रूप असते. खरा रेणू त्याच्याएवढा किंवा त्याच्या पूर्ण पटीत असू शकतो, त्याहून लहान कधीच नाही. इथे तर रेणू त्याच्या निम्म्याहूनही लहान निघाला.

संशय यायला आणखी एक साधी जागा होती आणि तिच्यासाठी यंत्राचीही गरज नव्हती. कार्बनला चार हात, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एक. स्थिर रेणूत सगळे हात कुठे ना कुठे जोडलेले असावे लागतात. त्यामुळे विषम हात असलेल्या अणूंची, म्हणजे हायड्रोजन आणि नायट्रोजनची, मिळून संख्या सम असावी लागते. C₂₀H₂₉N₁₀O₇ मध्ये ती २९ अधिक १०, म्हणजे ३९ होते. एक हात मोकळा लोंबकळतो. हे सूत्र दुप्पट केले तर हात जुळतात, पण वजन हजाराच्या पुढे जाते.

दोघेही खरे बोलत असतील तर?

अशा वेळी ‘यंत्र बिघडले असेल’ म्हणणे सोपे असते. त्याआधी दोन्ही साक्षीदारांना काय विचारले होते ते पाहणे बरे. जाळण्याच्या यंत्रात डबीत जे जे गेले ते सगळे जळाले: पदार्थ, त्यात अडकलेले पाणी, उरलेला द्रावक, धूळ, सगळे. मास स्पेक्ट्रोमीटरला फक्त प्रभार धरणारे रेणू दिसतात आणि तेही द्रावणात सुटे झाल्यानंतर. म्हणजे पहिले यंत्र संपूर्ण पुडीचे वर्णन करते, दुसरे एका रेणूचे.

सुया पाण्यातून स्फटिकरूप झाल्या होत्या. स्फटिक बनताना कॅफिनच्या रेणूंच्या रांगांमध्ये पाण्याचे रेणू जाऊन बसतात. ते बाहेरून दिसत नाहीत, हाताला ओले लागत नाहीत आणि हवेत ठेवून पुरते निघूनही जात नाहीत. पण डबीतल्या २.५०० मिलिग्रॅममध्ये त्यांचेही वजन असते. मास स्पेक्ट्रोमीटरसाठी नमुना द्रावणात गेला, की हे पाणी उरलेल्या पाण्यात मिसळून जाते आणि त्याचा काही पुरावा उरत नाही.

म्हणून सुया तोलून ८० ते १०० अंशांवर काही तास वाळवायच्या आणि वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तोलायचे. याहून फार तापवू नये, कारण कॅफिन न वितळता थेट वाफ होऊन उडते आणि मग जे कमी झाले ते पाणी होते की पदार्थ, हे सांगता येत नाही. चमकदार सुया हळूहळू अपारदर्शक, खडूसारख्या होतात. वजन जवळपास सात टक्क्यांनी घटते.

वाळवलेला नमुना पुन्हा जाळला. आता समजा कार्बन ४९.३९, हायड्रोजन ५.२२, नायट्रोजन २८.७७ टक्के आला आणि उरले १६.६२. अणुवस्तुमानांनी भागून अनुक्रमे ४.११२, ५.१७९, २.०५४ आणि १.०३९ येतात. सर्वांत लहान आकड्याने भागल्यावर ३.९६, ४.९८, १.९८ आणि १. ओढूनताणून गुणायची गरज उरत नाही. गुणोत्तर-सूत्र C₄H₅N₂O.

याचे वजन ९७.१ होते. मास स्पेक्ट्रोमीटरचे १९४ भागिले ९७.१ म्हणजे जवळजवळ नेमके दोन. तेव्हा रेणुसूत्र C₈H₁₀N₄O₂. हातांचा हिशेबही हेच सांगत होता. C₄H₅N₂O मध्ये हायड्रोजन आणि नायट्रोजन मिळून सात, म्हणजे विषम. हा एकटा रेणू असूच शकत नाही. दुप्पट केल्यावर चौदा होतात आणि सगळे हात जुळतात.

आता मागे वळून पहिल्या, ‘चुकलेल्या’ निकालाकडे पाहिले तर त्यात उत्तर लिहिलेलेच होते. शुद्ध C₈H₁₀N₄O₂ मध्ये कार्बन ४९.४८ आणि नायट्रोजन २८.८५ टक्के हवा. पहिल्या नमुन्यात ४६.२१ आणि २६.९२ मिळाला होता. दोन्ही सारख्याच प्रमाणात, अपेक्षेच्या सुमारे ९३.४ टक्क्यांवर घसरले होते. कार्बन आणि नायट्रोजन यांचे एकमेकांशी प्रमाण मात्र हललेले नव्हते. याचा अर्थ पुडीत साडेसहा टक्क्यांच्या आसपास असे काहीतरी होते, ज्यात कार्बनही नाही आणि नायट्रोजनही नाही.

ते मीठ किंवा सिलिका असते तर हायड्रोजनही त्याच प्रमाणात, ५.१९ वरून ४.८५ वर उतरला असता. तो मात्र वाढून ५.५४ झाला होता. कार्बन आणि नायट्रोजन घटणे आणि हायड्रोजन वाढणे, ही पाण्याची खूण. द्रावक अडकला असता तर कार्बन आणि नायट्रोजन यांचे आपसातले प्रमाण बिघडले असते, कारण द्रावकात कार्बन असतो, नायट्रोजन बहुधा नसतो. अनुभवी विश्लेषक टक्केवारी चुकली की सूत्र बदलायला धावत नाही. आधी कोण कोणाबरोबर घसरले ते बघतो.

हिशेबाने पाणी किती येते? शंभर मिलिग्रॅममध्ये ६.६ मिलिग्रॅम पाणी आणि ९३.४ मिलिग्रॅम कॅफिन धरले, तर कॅफिनच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ०.७६ रेणू पडतात. पाण्यातून मिळणाऱ्या कॅफिनच्या स्फटिकांत पाच रेणूंमागे पाण्याचे चार, म्हणजे ०.८ असतात, हे ज्ञात आहे. प्रयोगाच्या चुकीची मर्यादा पाहता ०.७६ हा आकडा त्याला पुरेसा जवळ आहे. पहिल्या वेळचे C₂₀H₂₉N₁₀O₇ हे विचित्र सूत्र म्हणजे दुसरेतिसरे काही नसून अडीच कॅफिन अधिक दोन पाणी यांची बेरीज होती. ज्याला शंका असेल त्याने कागदावर करून पाहावी.

इथे एक सावधगिरी हवी. निकाल जुळत नसला की सूत्राला ‘अधिक ०.३ पाणी’, ‘अधिक ०.१५ हेक्झेन’ असे ठिगळ लावून आकडे जुळवण्याचा मोह फार होतो. थोडी मोकळीक घेतली तर जवळपास कोणताही निकाल असा जुळवता येतो. पाणी आहे असे म्हणायचे असेल, तर ते वेगळ्या मार्गाने दाखवावे लागते: वाळवून घटलेले वजन, किंवा कार्ल फिशर पद्धतीने मोजलेले पाणी. वरच्या उदाहरणात सात टक्क्यांची घट हा तो स्वतंत्र पुरावा होता.

ऑक्सिजनच्या जागेवर कोण बसले आहे?

कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन जुळले, वस्तुमान १९४ जुळले. प्रकरण संपले असे वाटते, पण अजून एक भोक उरले आहे आणि ते त्या ‘उरले ते ऑक्सिजन’ या रिवाजातच आहे.

१९४ पैकी १६.५ टक्के म्हणजे ३२. दोन ऑक्सिजन मिळून ३२ होतात. एक गंधकही ३२ च असतो. समजा सूत्र C₈H₁₀N₄S असते, तर त्यात कार्बन ४९.४६, हायड्रोजन ५.१९ आणि नायट्रोजन २८.८४ टक्के असता. कॅफिनचे आकडे आहेत ४९.४८, ५.१९ आणि २८.८५. जगातले कोणतेही ज्वलनयंत्र या दोघांत फरक करू शकणार नाही. साध्या मास स्पेक्ट्रोमीटरवरही दोघे १९५ वरच दिसतील. हातांचा हिशेबही दोघांचा सारखाच, कारण गंधकाचेही ऑक्सिजनसारखे दोनच हात.

या गाठीतून उच्च-अचूकतेचा मास स्पेक्ट्रोमीटर सोडवतो. अणूंची वस्तुमाने नेमके पूर्णांक नसतात. कार्बन-१२ हा ठरवून १२.०००० धरला, तर हायड्रोजन १.००७८, नायट्रोजन १४.००३१, ऑक्सिजन १५.९९४९ आणि गंधक ३१.९७२१ असतो. दोन ऑक्सिजन मिळून ३१.९८९८ होतात, गंधकापेक्षा जरासे जास्त. म्हणून कॅफिन अधिक प्रोटॉन १९५.०८७७ वर दिसायला हवा आणि गंधकाचा पर्याय १९५.०६९९ वर. फरक ०.०१७८ चा, म्हणजे दशलक्षात सुमारे ९१ भाग. चांगले यंत्र दशलक्षात पाच भागांच्या आत अचूक असते, तेव्हा १९५.०८७९ असा आकडा मिळाला तर गंधकाला जागा उरत नाही. हळदीची पूड आणि बेसन डोळ्यांना सारखे वाटावे आणि नाकाने क्षणात कळावे, तसा हा फरक आहे.

गंधकाची आणखी एक ओळख त्याच चित्रात असते. निसर्गातल्या गंधकात सुमारे सव्वाचार टक्के जड गंधक-३४ असतो. त्यामुळे गंधक असलेल्या रेणूच्या मुख्य शिखरापासून दोन अंक पुढे, १९७ वर, मुख्य शिखराच्या पाच टक्क्यांच्या आसपास उंचीचे पिल्लू दिसते. कॅफिनमध्ये तिथे जेमतेम एक टक्का असते. एक अंक पुढचे, १९६ वरचे शिखर सुमारे दहा टक्के उंच दिसले, तर ते मुख्यतः आठ कार्बनमधल्या कार्बन-१३ चे आणि थोडेसे चार नायट्रोजनचे. कार्बनची संख्या तपासायला तेही उपयोगी पडते.

ताळा करताना दोन गफलती वारंवार होतात. पहिली म्हणजे दोन यंत्रांना एकच अणुवस्तुमान लावणे. जळणाच्या डबीत कोट्यवधी-अब्जावधी अणू असतात, हलके-जड सगळे मिसळून, म्हणून तिथे सरासरी अणुवस्तुमाने लागतात आणि कॅफिनचे वजन १९४.१९ धरतात. मास स्पेक्ट्रोमीटरच्या मुख्य शिखरात फक्त सर्वांत सामान्य समस्थानिके असतात, तिथे १९४.०८०४ घ्यायचे. १९४.१९ मध्ये एक मिळवून १९५.०८७७ शी तुलना केली, तर बरोबर सूत्रही चुकीचे ठरेल. दुसरी गफलत छोटी आहे: चिकटतो तो प्रोटॉन, पूर्ण हायड्रोजन अणू नव्हे. एका इलेक्ट्रॉनचे वजन विसरले तर ०.०००५ ची, म्हणजे इथे दशलक्षात जवळपास तीन भागांची चूक होते. पाच भागांची मर्यादा पाळायची असेल तेव्हा तीन भाग म्हणजे निम्म्याहून अधिक वाया.

०.४ टक्क्यांत काय मावते, काय निसटते

संशोधनपत्रिकांचा ०.४ टक्क्यांचा दंडक किती कडक आहे, हे रेणूवर अवलंबून असते. कॅफिनला एक CH₂ गट जादा लागला असता तर कार्बन ४९.४८ वरून ५१.९२ वर गेला असता. फरक जवळपास अडीच टक्क्यांचा, कोणाच्याही नजरेत भरेल असा. पण कोलेस्टेरॉल घ्या. C₂₇H₄₆O मध्ये कार्बन ८३.८७ टक्के, आणि एक CH₂ वाढवलेल्या C₂₈H₄₈O मध्ये ८३.९३ टक्के. हा ०.०६ चा फरक ज्वलनयंत्राच्या आवाक्यात नाही. मास स्पेक्ट्रोमीटरला मात्र ३८६ आणि ४०० यांत गोंधळ होत नाही. जिथे एक यंत्र आंधळे असते तिथे दुसरे पाहू शकते, आणि उलटही खरे आहे. सुयांच्या पुडीत निम्मे मीठ मिसळले असते तरी १९५.०८७७ चे शिखर तितकेच देखणे दिसले असते. ते पकडले असते जळणाच्या यंत्रानेच.

या दंडकाबद्दल अलीकडे वादही झाला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तेच शुद्ध पदार्थ वेगवेगळ्या देशांतल्या १८ विश्लेषण सेवांकडे पाठवले गेले. पदार्थ शुद्ध असूनही काही निकाल ०.४ च्या बाहेर पडले. म्हणजे एखाद्या निकालात कार्बन ०.५ ने चुकला म्हणून पदार्थ अशुद्ध, असे लगेच म्हणता येत नाही. नमुना दोनदा जाळणे आणि दोन्ही आकडे एकमेकांशी किती जुळतात ते पाहणे, हा साधा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे. दोन्ही वेळा एकाच दिशेने तेवढाच फरक आला तर दोष बहुधा नमुन्यात, एकदा वर आणि एकदा खाली आला तर तोलण्यात किंवा जळण्यात. अर्धवट जळणाने कार्बन कमी येतो. धातूंशी जोडलेल्या किंवा सिलिकॉन, फ्लोरिन असलेल्या पदार्थांत हे नेहमी घडते.

वाळवलेल्या सुयांचा निकाल शेवटी शोधनिबंधात एका ओळीत मावतो:

```
Anal. calcd for C8H10N4O2: C 49.48, H 5.19, N 28.85
Found: C 49.39, H 5.22, N 28.77
HRMS (ESI) m/z [M+H]+ calcd 195.0877, found 195.0879
```

या तीन ओळी पदार्थाचे सूत्र पक्के करतात, पण त्यातले अणू कसे जोडलेले आहेत हे सांगत नाहीत. आयसोकॅफिन नावाचा एक भाऊबंद आहे. त्यात कॅफिनमधला एक मिथिल गट शेजारच्या नायट्रोजनवर बसलेला असतो. त्याचेही सूत्र C₈H₁₀N₄O₂, त्याचीही टक्केवारी तीच आणि त्याचेही शिखर १९५.०८७७ वर. या दोघांना वेगळे करायचे तर पुढची पायरी एनएमआरची.